मृत्युपत्र करून देताना वकील नेमकं काय करतो, आणि कशाची हमी देत नाही

"मॅडम, असं मृत्युपत्र करून द्या की नंतर कोणी कोर्टात जाताच कामा नये." ही मागणी मला वारंवार ऐकायला मिळते. ती पुरी करता येत नाही. कोर्टात जायचा हक्क प्रत्येक वारसाला आहे आणि माझ्या मसुद्यातलं कुठलंही वाक्य तो काढून घेऊ शकत नाही. दावा लागला तर मृत्युपत्र टिकेल की नाही, हे न्यायाधीश पुराव्यावरून ठरवतात. म्हणून मी फी घेते ती कामाची, निकालाची नाही. निकालावर बेतलेली फी ठरवायला बार कौन्सिलचे नियमच मनाई करतात.

मग वकिलाच्या हातात असतं तरी काय? मृत्युपत्राची एक अडचण इतर कुठल्याही दस्तात नाही. ते वाचलं जातं तेव्हा लिहून देणारा माणूस हयात नसतो. खरेदीखतावर वाद झाला तर विकणाऱ्याला पिंजऱ्यात उभं करून विचारता येतं. इथे "तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं?" हे विचारायला कोणी उरत नाही. त्यामुळे पुढे जे प्रश्न येऊ शकतात त्यांची उत्तरं आजच कागदावर आणि साक्षीदारांच्या आठवणीत ठेवणं, हेच खरं काम. कसं, ते एका काल्पनिक कुटुंबावरून बघू.

समजा, बहात्तर वर्षांच्या एक काकू आल्या आहेत. यजमान आठ वर्षांपूर्वी गेले, त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. दोन मुलगे, एक मुलगी. सासूबाई यजमानांच्या आधीच वारल्या. यजमानांनी स्वकमाईतून घेतलेला एक फ्लॅट आहे, काकूंच्या नावावर बँकेत ठेवी आहेत आणि थोडे दागिने. काकूंचं म्हणणं स्पष्ट आहे: फ्लॅट मुलीला द्यायचा. सोबत मुलगीच आलेली आहे आणि बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तीच देते आहे.

पहिली गोष्ट, मी मुलीला बाहेर बसायला सांगते. यात तिच्यावर संशय नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली वेंकटचल अय्यंगार प्रकरणात एक भूमिका घेतली आणि आजही न्यायालयं तिच्याच आधारे विचार करतात. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. आणि ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, ही अशा परिस्थितींपैकी एक ठळक गोष्ट. वकील मुलीने शोधला, मजकूर मुलीने सांगितला, सहीच्या दिवशी मुलगी शेजारी बसली होती, हे सगळं पुढे उलटतपासणीत एकेक करून बाहेर येतं. मुलीने आईला रिक्षातून माझ्या ऑफिसपर्यंत आणलं म्हणून काही बिघडत नाही. पण सूचना काकूंच्या तोंडून, त्या एकट्या असताना मला मिळायला हव्यात. त्यांची टिपणं मी तारखेसह ठेवते.

आता दुसरा प्रश्न, ज्यात सर्वात जास्त वेळ जातो. "फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच. ह्यांनी नॉमिनी मलाच केलं होतं. शेअर सर्टिफिकेटवर सोसायटीने माझं नाव चढवलंय की!"

इथे थांबावं लागतं. सोसायटीने नॉमिनीचं नाव लावलं म्हणजे नॉमिनी मालक झाला, असं होत नाही. सोसायटीला व्यवहार कोणाशी करायचा हे नॉमिनेशनने कळतं. मालकी वारसाहक्काने ठरते. यजमान मृत्युपत्र न करता गेले, फ्लॅट त्यांचा स्वतःचा होता, त्यामुळे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच दिवशी त्याचे चार समान हिस्से झाले: पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी. काकूंचा हिस्सा एक चतुर्थांश. आणि मृत्युपत्राने आपलं जेवढं आहे तेवढंच देता येतं. "माझा फ्लॅट मी मुलीला देते" असं कितीही सुबक लिहिलं तरी जाणार काकूंचा पाव हिस्साच. मुलीचा स्वतःचा पाव धरून तिच्याकडे अर्धा फ्लॅट, उरलेला अर्धा दोन भावांचा.

काकूंचा चेहरा इथे पडतो. खरं तर ही बातमी मसुदा लिहायच्या आधी कळली हे बरंच. मी बघितलेल्या वादांपैकी पुष्कळ वाद मृत्युपत्राच्या शब्दांवरून नसतात. देणाऱ्याकडे नव्हतंच ते त्याने दिलेलं असतं, तिथे असतात. म्हणून इंडेक्स टू, मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट, आधीच्या मालकाचा मृत्यूचा दाखला, शेतजमीन असेल तर सातबारा आणि फेरफार, हे बघितल्याशिवाय मी एक ओळही लिहीत नाही. "कागद घरी आहेत, नंतर दाखवते" असं म्हटलं तर कामही नंतरच सुरू होतं.

मार्ग आहे का? आहे, पण तो मुलांच्या मर्जीवर आहे. मुलगे आपला हिस्सा आईच्या नावे हक्कसोडपत्राने सोडू शकतात. ते नोंदणीकृत लागतं. घरी बसून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेल्याने स्थावर मालमत्तेतला हक्क सुटत नाही. धरून चालू की थोरला तयार झाला आणि धाकटा झाला नाही. थोरल्याच्या हक्कसोडपत्रानंतर काकूंकडे निम्मा फ्लॅट आला. तो निम्मा त्यांनी मृत्युपत्राने मुलीला दिला, तर त्यांच्या पश्चात मुलीकडे तीन चतुर्थांश आणि धाकट्याकडे एक चतुर्थांश. संपूर्ण फ्लॅट मुलीला मिळेल असं मी सांगू शकत नाही. धाकटा पुढे त्याचा हिस्सा बहिणीला विकेल, वाटणी मागेल की तसाच ठेवेल, यातलं काहीही काकूंच्या मृत्युपत्राने ठरत नाही.

हे हिस्से हिंदू वारसा कायद्याखालच्या कुटुंबाचे झाले. मुस्लिम कुटुंबात वैयक्तिक कायदा लागतो आणि वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांनाही काही वेगळे नियम आहेत. त्यातला एक पुढे येईलच. आणि वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मालमत्ता असेल तर हिशोबच वेगळा. त्यामुळे शेजाऱ्याच्या मृत्युपत्रात नावं बदलून आपलं करून घ्यायचा मोह टाळावा.

ठेवींचं प्रकरण वरवर सोपं वाटतं. काकूंनी सांगितलेला मजकूर असा: "अमुक बँकेतील पावती क्रमांक अमुक, ही ठेव थोरल्या मुलाला." आता ती पावती पुढच्या वर्षी मुदत संपून नव्या क्रमांकाने नूतनीकरण झाली, किंवा काकूंनी पैसे काढून दुसऱ्या बँकेत टाकले, तर? ठरावीक वस्तू दिली आणि मृत्यूसमयी ती वस्तूच उरली नाही, तर ते देणं गळून पडू शकतं. म्हणून मी असं लिहिते: "माझ्या मृत्यूच्या वेळी कोणत्याही बँकेत माझ्या एकटीच्या नावावर असलेल्या सर्व मुदत ठेवी व बचत खात्यांतील रक्कम." पावती क्रमांक हवेच असतील तर वेगळ्या यादीत, केवळ माहितीसाठी.

आणि बँकेत नॉमिनी कोण? धाकटा. बँक पैसे त्याच्याच हाती देईल, आणि ते देऊन बँक मोकळी होईल. सर्वोच्च न्यायालयाने ठेवींच्या बाबतीतही स्पष्ट केलं आहे की नॉमिनीला पैसे स्वीकारायचा अधिकार असतो, त्याने तो मालक बनत नाही. म्हणजे थोरल्याचा हक्क राहतो, पण तो त्याला धाकट्याकडून वसूल करत बसावा लागेल. एक साधा नॉमिनेशन फॉर्म बदलला तर हे भांडण जन्मालाच येत नाही. हे काम मृत्युपत्राच्या बाहेरचं आहे, बँकेत जाऊन स्वतः करायचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

मसुद्यात अजून दोन वाक्यं मी आवर्जून घालते. एक, लाभार्थी आधी वारला तर काय. मुलगी काकूंच्या आधी गेली तर तिचा वाटा तिच्या मुलांना, असं सरळ लिहायचं. मूल-नातवंडांच्या बाबतीत कायद्यात याची सोय आहे, पण भाचा, मैत्रीण किंवा सून यांना दिलेलं असेल तर देणं साधारणपणे रद्द होतं आणि उरलेल्या मालमत्तेत मिसळतं. दुसरं वाक्य त्याच उरलेल्या मालमत्तेचं: "वर न लिहिलेली आणि पुढे मला मिळणारी इतर सर्व मालमत्ता…" हे वाक्य नसेल तर जे लिहायचं राहिलं, त्यापुरतं जणू मृत्युपत्र नाहीच, आणि त्याची वाटणी वारसा कायद्याने होते. दागिन्यांबाबत मात्र मी कायदा सांगत बसत नाही. "मुलीला आणि सुनांना सारखे" यापेक्षा "पाटल्या हिला, मोहनमाळ तिला" हे नेहमीच बरं.

मग येतो नाजूक भाग. धाकट्या मुलाला काहीच नाही. वारसाला वगळलं म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही. पण कारण न देता वगळलं, तर ज्या गोष्टींकडे न्यायालय बारकाईने बघतं त्यात ती एक भर पडते. कारण लिहावं, पण दोन-तीन वाक्यांत आणि पडताळून बघता येईल असं. काकू म्हणतात, "लिहा, त्याने मला कधी विचारलंसुद्धा नाही." मी हे लिहीत नाही. धाकट्याने दरमहा पैसे पाठवल्याच्या बँकनोंदी कोर्टात दाखवल्या तर ते वाक्य खोटं ठरेल, आणि खोटं वाक्य काकूंच्या तोंडी कोणी घातलं हा पुढचा प्रश्न उभा राहील. बोलता बोलता कळतं की धाकट्याच्या घराच्या खरेदीत यजमानांनी मोठी रक्कम घातली होती आणि त्याचा धनादेश बँकेच्या उताऱ्यात दिसतो. हे कारण उभं राहतं. "माझ्या पतीने हयातीत माझ्या धाकट्या मुलास घर घेण्यासाठी आर्थिक साहाय्य केले असल्याने मी त्यास या मृत्युपत्राने काही देत नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही." शेवटचं वाक्य काकूंनी स्वतः सुचवलं तरच घालावं.

मसुदा काकू वाचू शकतात त्या भाषेत करते. वाचता येत नसेल तर कोणी वाचून दाखवलं आणि समजावलं, हे शेवटी नमूद करते. कच्चा मसुदा घरी देऊन आठवडाभर ठेवायला सांगते, आणि परत आल्यावर मजकूर न बघता तोंडी विचारते: कोणाला काय दिलं? जुळलं नाही तर सहीचा दिवस पुढे जातो. यातून माझ्या टिपणांत त्यांची समज नोंदली जाते, जी पुढे उपयोगी पडू शकते.

सहीच्या दिवशी बहुतेकांना वाटतं तसा स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद चालतो. नोटरीही लागत नाही, आणि नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६३ ला एवढंच हवं आहे: करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, आणि निदान दोन साक्षीदारांनी साक्षांकन करावं. त्या प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना बघितलेलं असावं, किंवा "ही सही माझी" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि प्रत्येकाने स्वतःची सही करणाऱ्याच्या समोर करावी. दोघं एकाच वेळी हजर हवेत असं कायदा म्हणत नाही. मी मात्र दोघांना एकत्रच बसवते, कारण वेगवेगळ्या वेळी झालेल्या सह्यांची गोष्ट दहा वर्षांनी दोन साक्षीदार एकसारखी सांगतील याचा भरवसा नाही.

क्रम असा. पानांना "५ पैकी पान १" असे क्रमांक. काकू प्रत्येक पानाच्या तळाशी सही करतात, शेवटच्या पानावर मजकूर संपतो तिथे लगेच खाली पूर्ण सही. मध्ये रिकामी जागा नको. मग साक्षीदार, नाव, पत्ता आणि तारखेसह. त्यांच्या सह्यांच्या वर एक वाक्य असतं की आमच्या समक्ष त्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली. एखादा शब्द चुकला तर ते पान बदलून नव्याने सह्या. खाडाखोड चालते, पण तिच्यावरही करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही लागते. नंतर घरी बसून काकूंनी पेनाने बदललेली रक्कम कायद्याने बदललेली ठरत नाही.

साक्षीदार कोण असावेत यावर लोक फार कमी विचार करतात. समोर जो दिसेल त्याला बोलावतात. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर निदान एका साक्षीदाराची साक्ष लागते. आधीच्या पुरावा कायद्यात हा नियम कलम ६८ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम ६७ मध्ये आहे. साक्षीदार हयात नसतील किंवा सापडत नसतील तर हस्ताक्षर ओळखणाऱ्यांकडून सिद्ध करायची वाट आहे, पण ती खडतर. म्हणून साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने बरेच लहान, ओळखीचे, आणि पुढे शोधता येतील असे हवेत. नियमित तपासणारे डॉक्टर साक्षीदार झाले तर दुहेरी उपयोग होतो, कारण त्या दिवशीच्या मनःस्थितीबद्दलही ते बोलू शकतात. जावईबापूंना मात्र बसवू नये. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांत लाभार्थी किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार असेल तर त्या लाभार्थ्याला दिलेलंच रद्द होतं. हिंदूंना ते कलम लागत नाही, पण उलटतपासणी सगळ्यांना लागते.

डॉक्टरांचा दाखला कायद्याने सक्तीचा नाही. वय जास्त असेल, नुकतंच आजारपण झालं असेल, तर मी त्याच दिवसाचा दाखला मागते. "प्रकृती उत्तम" एवढ्याने फारसं काही साधत नाही. डॉक्टरांनी काय विचारलं आणि काकूंनी काय उत्तर दिलं याच्या दोन ओळी जास्त कामाच्या. व्हिडिओचं म्हणाल तर तो दुधारी आहे. काकू अडखळल्या, कोणाकडे बघून उत्तर दिलं, तर तेही कायमचं टिपलं जातं.

नोंदणीबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक शुल्क लागत नाही, आणि कधीही नोंदवता येतं. मी बहुतेक वेळा नोंदवायला सांगते, कारण दुय्यम निबंधकासमोर त्या तारखेला ही व्यक्ती स्वतः हजर होती याची सरकारी नोंद होते आणि मूळ प्रत हरवली तरी मजकूर राहतो. पण नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही. साक्षीदार तरीही बोलवावा लागतो, संशय असेल तर तरीही दूर करावा लागतो. आणि नंतर केलेलं, नोंदणी नसलेलं पण नीट सही-साक्षांकन झालेलं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला रद्द करू शकतं. "रजिस्टर केलंय, आता कोणी हलवू शकत नाही" हे वाक्य त्यामुळे चुकीचं आहे.

"मुलांना कळेल का मी काय लिहिलंय?" काकू शेवटी विचारतात. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल त्यांच्या हयातीत त्यांना स्वतःला किंवा त्यांनी नेमलेल्या माणसालाच मिळते, इतरांना त्यांच्या पश्चात. घरात सांगायचं की नाही हे मी ठरवत नाही. मात्र मूळ प्रत कुठे आहे हे एका माणसाला तरी माहीत असावं, आणि तो शक्यतो मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक असावा. बँकेच्या लॉकरमध्ये एकट्याच्या नावावर ठेवू नका. लॉकर उघडायला वारसांचे कागद मागितले जातात आणि वारस कोण हे सांगणारा कागद आतच अडकलेला असतो.